खडाखडा वाचणारा मुलगा

गेल्या वर्षी शाळेचा निकाल घेऊन बहीण माझ्याकडे आली. मुलगा चौथीत. मराठी माध्यमाची शाळा, घर रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला, घरात बोलणं कोकणी, संध्याकाळी मक्तब. बाईंनी शेरा लिहिला होता, ‘वाचन चांगले, आकलन कमी.’ बहिणीला यातलं पहिलं कळलं, दुसरं कळलं नाही. ती म्हणाली, “भाईजान, वाचतो तर खडाखडा. मग कमी काय?”

मी त्याला जवळ बसवलं. कागदावर मीच सहा वाक्यं लिहिली आणि वाचायला दिली.

‘सकाळी आजोबा अंगणात आले. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. माडाच्या झावळ्या जोरजोरात हलत होत्या. आजोबांनी खांद्यावरचं जाळं उतरवलं आणि खुंटीला अडकवलं. आत येऊन ते म्हणाले, “आज नको.” आई म्हणाली, “मग आज डाळच करते.”’

त्याने एकही चूक न करता, एका दमात वाचलं. मी विचारलं, “आजोबांनी काय उतरवलं?” “जाळं.” “कुठे अडकवलं?” “खुंटीला.” “आई काय करणार?” “डाळ.” तीनपैकी तीन. शाळेतल्या चाचणीत त्याला इथे पूर्ण गुण मिळाले असते. मग विचारलं, “आई डाळ का करणार?” तो कागदाकडे बघत राहिला. जरा वेळाने म्हणाला, “मामू, ते लिहिलेलं नाही.”

त्याचं म्हणणं खरं होतं, ते लिहिलेलं नव्हतंच. त्या सहा वाक्यांत समुद्र नाही, वारा नाही, मासाही नाही. तरी ज्याच्या घरात मासेमारी आहे त्याला ते सगळं दिसायला हवं. या मुलाचा बाप खलाशी आहे. वारा सुटला की होडी जात नाही आणि होडी गेली नाही की घरात मासळी येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणजे माहिती कमी नव्हती आणि अक्षरओळखही कमी नव्हती. फक्त, वाचताना स्वतःला माहीत असलेलं वापरायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ‘काय’, ‘कुठे’ची उत्तरं त्याला आली कशी? एक गंमत करून बघा. मुलाला हे वाक्य द्या : ‘बिंगूने सकाळी ठुमळी टोकवली.’ मग विचारा, बिंगूने काय टोकवली? कुठलंही मूल सांगेल, ‘ठुमळी’. केव्हा टोकवली? ‘सकाळी’. वाक्याला अर्थच नाही, तरी उत्तर बरोबर. आपल्या स्वाध्यायांतले अर्धे प्रश्न या जातीचे असतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि शेजारचा शब्द उचलायचा. त्यातून मूल काहीही न समजता वर्षानुवर्षं पास होतं.

*

आता थोडं नाजूक बोलतो. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांचं वाचन शाळेच्या आधी किंवा शाळेच्या बरोबरीने मक्तबात सुरू होतं. आधी कायदा, मग नाज़िरा कुरआन. तिथे उस्ताद मख़रज बघतात, ऐन आणि अलिफ वेगळे निघतात का हे ऐकतात, कुठे ओढायचं आणि कुठे थांबायचं ते शिकवतात. ही शिस्त मी कमी लेखत नाही. अनोळखी लिपीतली अक्षरं जोडून नेमका आवाज काढण्याचा इतका सराव फार थोड्या मुलांना मिळतो. माझा भाचा मराठी जोडाक्षरांना अडखळत नाही, त्यात या सरावाचाही वाटा असावा असं मला वाटतं.

पण अरबीचा अर्थ त्याला कळत नाही आणि त्या वयात तो कोणी विचारतही नाही. तिथे तिलावतच मोलाची असते. अडचण अशी की, वाचणं म्हणजे बरोबर आवाज काढणं, हीच व्याख्या मूल मनात घेऊन शाळेत जातं. शाळाही ती व्याख्या मोडत नाही. वर्गात एक मूल मोठ्याने वाचतं, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात, बाई उच्चार सुधारतात. हे केवळ आमच्याच मुलांचं नाही. ज्या घरात स्तोत्रं पाठ होतात तिथल्या मुलांचंही हेच होतं. म्हणून मी भाच्याला साध्या शब्दांत सांगितलं, “बेटा, मक्तबात तू वाचतोस ते अदबीने, आवाजाने. शाळेचा धडा वाचतोस ती कोणीतरी तुला सांगितलेली गोष्ट असते. ती ऐकून तू काहीतरी बोलायचं असतं.” त्याला हा फरक नवीन होता.

आपल्या मोजपट्ट्यासुद्धा इथेच फसतात. ‘असर’च्या पाहणीची मुख्य वाचन-चाचणी अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांची असते. मूल गोष्ट सहज वाचून दाखवू शकलं की ते सर्वांत वरच्या पायरीवर. गावोगावी किती मुलं मागे आहेत हे पटकन कळण्यासाठी ही चाचणी उत्तम आहे आणि तिने देशाचे डोळे उघडले. पण माझा भाचा तिच्यात सर्वांत वर बसेल. त्याचं दुखणं त्या पट्टीवर दिसणारच नाही.

*

म्हणून पहिलं काम म्हणजे मूल नेमकं कुठे अडलं आहे ते ओळखणं. याला महागडी चाचणी लागत नाही. एकाच पातळीचे दोन परिच्छेद वापरायचे. पहिला मुलाने वाचायचा आणि नंतर ‘का’चे प्रश्न विचारायचे. काही दिवसांनी तेवढाच अवघड दुसरा परिच्छेद आपण वाचून दाखवायचा आणि तसेच प्रश्न विचारायचे. ऐकून समजतं पण स्वतः वाचून समजत नाही, आणि वाचताना दर दहा शब्दांत एकाहून जास्त शब्द चुकतात, तर दुखणं अक्षरांचं. वाचन सफाईदार आहे पण समजत नाही, तर दुखणं अर्थाचं. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे गुणाकाराच्या रूपात मांडलं : अक्षरं उलगडण्याची ताकद गुणिले भाषा समजण्याची ताकद. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्यच.

शेजारची तिसरीतली एक मुलगी त्याच वेळी माझ्याकडे यायला लागली. तोच कागद तिला दिला. तिने ‘खुंटीला’चं ‘खिडकीला’ केलं आणि ‘झावळ्या’चं ‘झाडं’. म्हणजे पहिलं अक्षर बघायचं आणि बाकीचा अंदाज. तिला ‘आज डाळ का?’ विचारल्यावर ती पटकन म्हणाली, “वारा होता ना!” तिचं डोकं अर्थाच्या मागे धावत होतं, डोळे मात्र अक्षरांवर थांबत नव्हते. आता या मुलीला जर कोणी म्हणालं, ‘चित्र बघ, अंदाज कर,’ तर तिचं नुकसान होईल.

अंदाज हे कौशल्य शिकवताना सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. अंदाज करायचा तो पुढे काय घडेल याचा, पुढचा शब्द कोणता असेल याचा नाही. शब्द वाचायचा तो अक्षरांनीच. मराठीत तर त्याला पर्याय नाही, कारण आपला शब्द मागे वाढत जातो. ‘खांदा’ ओळखून भागत नाही. ‘खांद्यावरचं’, ‘खांद्यावरून’, ‘खांद्याला’ यांत जाळं वर आहे की खाली उतरतंय हे शेवटच्या दोन अक्षरांत असतं. म्हणून त्या मुलीसाठी मी पुस्तकावर अंदाजाचा खेळ बंद ठेवला. तिने बोट ठेवून तुकडे पाडत वाचायचं, खां-द्या-व-र-चं. अंदाज, प्रश्न, चित्र हे सगळं तिच्याशी करायचं, पण मी वाचून दाखवलेल्या गोष्टीवर.

उर्दू माध्यमात मुलं शिकवणाऱ्यांनी मात्र इथे एक फरक लक्षात ठेवावा. आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आहेत आणि एकाच घरात एक मूल उर्दूत, दुसरं मराठीत असंही दिसतं. छापील उर्दूत ज़ेर-ज़बर सहसा देत नाहीत. अलिफ आणि सीन एवढंच लिहिलेलं असतं. ते ‘इस’ वाचायचं की ‘उस’, हे वाक्यच ठरवतं. ‘ते-ये-रे’चा ‘तीर’ होतो आणि ‘तैर’ही. तिथे स्वर ठरवायला अर्थाचा आधार घ्यावाच लागतो, तो आळस नाही. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी सगळं समोर लिहिलेलं आहे. तेव्हा उर्दूतून मराठीकडे आलेलं मूल वेलांट्या गाळत असेल तर त्याला रागावू नका. तिथली सवय इथे चालत नाही, एवढं समजावून सांगा.

*

आता भाच्याकडे येतो. मग़रिबनंतर आठवड्यातून चार दिवस, रोज पंचवीस मिनिटं, सहा आठवडे. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची असं ठरवलं.

पहिले दोन आठवडे चित्राचे. वाचून झालं की कागद पालथा ठेवायचा आणि दोन मिनिटांत जे दिसलं ते काढायचं. चित्रकला नको, काड्यांची माणसं चालतील. आजोबांच्या परिच्छेदावर त्याने काय काढलं? समुद्र, होडी, होडीत उभे आजोबा, हातात जाळं, वर हसणारा सूर्य. मी थक्क झालो. ‘जाळं’ हा एक शब्द त्याने उचलला होता आणि त्याभोवती रोजचं ओळखीचं चित्र लावलं होतं. वाक्यं बाजूलाच राहिली होती. तोंडी प्रश्नांत ही चूक मला कधीच सापडली नसती.

मी चित्र खोडलं नाही. म्हटलं, “चल, एकेक वाक्य चित्राला विचारू.” ‘अंगणात आले.’ अंगण आहे? नाही. ‘खुंटीला अडकवलं.’ होडीत खुंटी असते? तो हसला. ‘झावळ्या जोरजोरात हलत होत्या.’ मग सूर्य हसतोय तो कसा? त्याने स्वतः दुसरा कागद घेतला. दुसऱ्या चित्रात माड वाकलेले होते. माड वाकवता वाकवता तोच म्हणाला, “अरे, वारा सुटलाय! म्हणून गेले नाहीत!” आणि मग पाठोपाठ, “म्हणून डाळ!”

मनात चित्र उभं करणं म्हणतात ते हे. नुसतं ‘डोळे मिटा आणि कल्पना करा’ म्हटलं तर मूल वाटेल ते चित्र काढतं. काढलेलं चित्र वाक्याशी पडताळणं, हाच खरा धडा.

पुढचे दोन आठवडे अंदाजाचे. गोष्ट दोन-तीन ठिकाणी थांबवायची. ‘आज नको’ इथे कागद झाकायचा आणि विचारायचं, आता घरात काय होईल? आणि लगेच दुसरा प्रश्न, कशावरून म्हणतोस? या दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिल्याला किंमत नाही. सुरुवातीला तो सगळ्याच गोष्टींना ‘मग सगळे खूश झाले’ म्हणायचा. तो अंदाज नव्हता, सुटका होती. मी नियम केला : अंदाजासाठी वाक्यावर बोट ठेवायचं. आणि पुढे वाचल्यावर अंदाजाकडे परत यायचं. चुकला तर उत्तम. कुठल्या शब्दाने चुकवलं ते शोधायचं. अंदाज बरोबर यायलाच हवा असं नसतं. अंदाज केलेलं मूल पुढचं वाक्य कान टवकारून वाचतं, फायदा तो आहे.

शेवटचे दोन आठवडे प्रश्नांचे, पण प्रश्न त्याने विचारायचे आणि उत्तर मी द्यायचं. ॲनमेरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ साली अमेरिकेत ही अदलाबदलीची पद्धत तपासली होती. आधी शिक्षक करून दाखवतो, मग हळूहळू मूल शिक्षकाच्या जागी बसतं. त्यांची मुलं सातवीतली होती आणि शब्द नीट वाचणारी, पण अर्थात मागे पडणारी होती. म्हणजे माझ्या भाच्याच्या जातीची, त्या मुलीच्या नाही. हे विसरून पद्धत सरसकट वापरली की ती ‘चालत नाही’ असं वाटतं.

पहिल्या दिवशी भाच्याचे सगळे प्रश्न ‘आजोबांनी काय अडकवलं?’ छापाचे. मग मी स्वतः मोठ्याने विचार करून दाखवला. वाचता वाचता थांबलो आणि म्हणालो, “हं, यांनी आभाळाकडे का पाहिलं असेल? जाळं तर खांद्यावर आहे, म्हणजे निघायची तयारी होती. मग थांबले का?” मोठ्या माणसाच्या डोक्यात वाचताना काय चालतं ते मुलाला कधी दिसतच नाही; त्याला फक्त आवाज ऐकू येतो. हे ऐकवणं म्हणजे शिकवणं. नुसते प्रश्न विचारणं म्हणजे तपासणं. डोलोरेस डर्किन यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटं मोजली. त्यात आकलन प्रत्यक्ष शिकवलं गेलं ती जेमतेम २० मिनिटं. बाकी बराचसा वेळ प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्याय देण्यात गेलेला. आपल्या वर्गांत घड्याळ लावलं तर फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही.

आणखी एक. हे सगळं बोलणं तो घरच्या कोकणीत करायचा, मी करू दिलं. वाचायचं मराठी, विचार करायचा ज्या भाषेत येतो त्या भाषेत. ‘मराठीतच सांग’ म्हटलं की तो वाक्य जुळवण्यात अडकायचा आणि परत पुस्तकातलंच वाक्य उचलायचा. अर्थ एकदा हाती आला की तो मराठीत सांगायला दोनच मिनिटं लागत. काही शिक्षकांना ही मोकळीक म्हणजे मराठीचा अपमान वाटतो. मला ती मराठीकडे जाणारी वाट वाटते.

*

मर्यादाही सांगतो, नाहीतर हे औषध प्रत्येक दुखण्याला दिलं जाईल. पाचव्या आठवड्यात आम्ही गुऱ्हाळावरचा एक उतारा घेतला. काहील, मळी, चुलवण. भाच्याने चित्र काढायला पेन्सिल घेतली आणि थांबला. म्हणाला, “मामू, काही दिसत नाही.” दिसणार कसं? त्याने उसाचं शेत पाहिलेलं नाही. इथे दहा वेळा अंदाज करायला लावून काही निघत नाही. या कौशल्यांनी एवढंच काम केलं की, आपल्याला कळलेलं नाही हे त्याला कळलं. पूर्वी तो तो उताराही खडाखडा वाचून मोकळा झाला असता. पण पुढे मला फोनवर गुऱ्हाळाचं चित्र दाखवावं लागलं, गूळ कसा होतो ते सांगावं लागलं, तेव्हाच उतारा उघडला.

डॅनियल विलिंगहॅम हे मानसशास्त्रज्ञ हेच सांगत आले आहेत : ही कौशल्यं थोड्या दिवसांत शिकून होतात आणि नंतर त्यांचा सराव वाढवून फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. वर्षभर ‘अंदाज करा’च्या चौकटी भरून घेण्यात अर्थ नाही. सहा-आठ आठवडे नीट शिकवा, मग तो वेळ गोष्टी वाचून दाखवण्याला, शब्दांना, माहितीला द्या. ‘निपुण भारत’मध्ये तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरलं आहे. त्या उद्दिष्टातला ‘समजून’ हा शब्द तपासायचा असेल तर चाचणीत निदान एक प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर धड्यात लिहिलेलं नाही.

‘आधी वाचता तर येऊ दे, अर्थ नंतर,’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर शेजारची ती मुलगी आहे. तिची अक्षरं पक्की व्हायला चार महिने लागले. तोवर ऐकलेल्या गोष्टींवर तिचे प्रश्न, चित्रं, अंदाज चालूच होते. अक्षरं आली त्या दिवशी अर्थ शिकवायला वेगळं बसावं लागलं नाही. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात, फक्त एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही.

जूनच्या सुरुवातीला मी भाच्याला घेऊन बंदरावर गेलो होतो. बोटी वर ओढलेल्या, भिंतीवर मासेमारी बंदीची सूचना : १ जून ते ३१ जुलै. त्याने मोठ्याने वाचली, नेहमीसारखी खडाखडा. मी काही विचारलं नाही. तोच परत पहिल्या ओळीवर गेला आणि म्हणाला, “मामू, ३१ जुलैपर्यंत म्हणजे ३१ला पण बंदी ना? मग बाबा १ तारखेला जाणार. पण त्या दिवशी वारा असला तर?”

ते सूचनेत लिहिलेलं नव्हतं.